शेवटचं वाक्य आधी ठरवा: निरोप समारंभात अचानक माईक हातात आला तर

मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे निरोप समारंभांची दाटी होते. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली, अशी माणसं गावोगाव आहेत. जिल्हा परिषदेचे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि जन्म १ तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे. बाहेर ऊन ४४ अंशांवर, मांडवात दीड-दोनशे माणसं, मागे बट्टीचा खरपूस वास सुटलेला, आणि अशा वेळी माईकवरून आवाज येतो, “आता आपले पाहुणे दोन शब्द बोलतील.” पाहुणे म्हणजे तुम्ही.

मी स्वतः शिक्षिका आहे. जळगाव जिल्ह्याच्या पारोळा-अमळनेर भागात अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे पाहुण्यांचं नाव पुकारणारी बहुतेक वेळा मीच असते. नाव ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, तो कुठे अडखळतो आणि कशाने सावरतो, हे मी माईकच्या बाजूने पाहत आले आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. निरोप समारंभ हाच नमुना धरते, कारण आमच्याकडे पाहुण्यांना अचानक उभं करण्याचे प्रसंग याच कार्यक्रमात सर्वांत जास्त.

तुम्हाला का बोलावलं?

अचानक नाव पुकारलं जाण्याची कारणं दोनच. एक म्हणजे मान. तुम्ही व्याही आहात, जावई आहात, लांबून आला आहात. तुम्हाला बोलू न देता जेवायला बसवलं तर घरच्यांना ते खटकतं. दुसरं कारण वेळ. प्रमुख पाहुण्यांची गाडी धुळ्याहून निघाली आहे, पोहोचली नाही, आणि मधली दहा मिनिटं भरून काढायची आहेत. दोन्ही कारणांत तुमच्याकडून मोठ्या भाषणाची अपेक्षा नसते. मानासाठी बोलावलं असेल तर दीड मिनिट पुरतं, वेळ भरायची असेल तर अडीच-तीन मिनिटं. वेळेसाठी बोलावलं असेल तर सूत्रसंचालक माईक देताना हळूच तसं सांगतोही. न सांगितल्यास दीड-दोन मिनिटंच धरा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तुम्हाला फार तर दोन-अडीचशे शब्द बोलायचे आहेत. वहीचं जेमतेम एक पान.

थोडं लक्ष ठेवलं तर अंदाज आधीच येतो. घरातला कुणी हातात चिठ्ठी घेऊन सूत्रसंचालकाकडे वाकला आणि दोघांनी तुमच्या दिशेने पाहिलं, किंवा कुणी येऊन तुमचं पूर्ण नाव आणि गाव विचारून गेलं, की समजावं. टॉवेल-टोपी देऊन तुमचा सत्कार केला असेल तर नाव पुकारलं जाण्याची शक्यता आणखी वाढते. तेवढी पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

उठण्याआधी आणि चालताना

बहुतेक लोक खुर्चीतून उठताना पहिलं वाक्य शोधतात. मी सांगेन, शेवटचं शोधा. पहिलं वाक्य शोधावं लागतच नाही, कारण ते ठरलेलं आहे: मी कोण आणि सत्कारमूर्तींचा माझा संबंध काय. ते कुणालाही सांगता येतं. गाडी अडकते ती शेवटाला. आपण कुठे थांबणार हे माहीत नसलेला माणूस “आणखी एक सांगायचं म्हणजे” असं तीनदा म्हणतो, मग “मला वाटतं माझा वेळ संपला,” मग “जाता जाता.” दोन मिनिटांची सात होतात. लोक मान वळवून बट्टीकडे पाहू लागतात, आणि बोलणाऱ्याला ते दिसतं म्हणून तो अजूनच गडबडतो.

शेवटचं वाक्य आधी ठरवण्याचा आणखी एक उपयोग आहे. मधेच सगळं विसरलं, डोकं कोरं झालं, तर तुमच्याकडे जायला जागा असते. सत्कारमूर्तींकडे वळायचं, ते वाक्य म्हणायचं, नमस्कार करून बसायचं. काही विसरलं होतं हे समोर कुणाला कळतही नाही. मी समोर उभी असून मलाही कित्येकदा कळलेलं नाही. त्या माणसाने नंतर सांगितलं तेव्हा समजलं.

आता हे वाक्य आणायचं कुठून? त्यासाठी खुर्ची ते माईक एवढ्या पंधरा-वीस पावलांत स्वतःला एकच प्रश्न विचारा: या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत हाताने काय केलं? ते कसे आहेत हा प्रश्न नको. त्याचं उत्तर मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हसतमुख असंच येतं, आणि हेच शब्द तिथे टेबलावर ठेवलेल्या मानपत्रात छापलेले असतात. हाताने काय केलं असं विचारलं की एखादी वस्तू आठवते. सायकल, डबा, छत्री, खडूची पेटी. वस्तू आठवली की जागा आठवते, वेळ आठवते, आणि सांगण्यासारखा प्रसंग आपोआप उभा राहतो. तीच वस्तू पुढच्या दिवसांकडे वळवली की शेवटचं वाक्य तयार होतं.

हे कसं होतं ते एका जावयांच्या बोलण्यावरून दाखवते.

एका भाचेजावयांचं बोलणं

पारोळ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात निरोप समारंभ होता. सत्कारमूर्तींना सगळे नाना म्हणत. प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणून नानांच्या धाकट्या भावाने चिठ्ठी दिली आणि मी नाशिकहून आलेल्या भाचेजावयांना बोलावलं. तिशीचा तरुण, याआधी कधी माईक धरलेला नाही. उठताना त्यांच्या डोक्यात होतं, “नाना हे अतिशय प्रेमळ व्यक्तिमत्त्व आहे.” हे त्यांनी मला नंतर जेवताना सांगितलं. पण चालता चालता त्यांना वाटलं, आपण नानांना पहिल्यांदा कुठे पाहिलं तेच सांगू. मग ते बोलले ते असं:

“अध्यक्ष महाराज, नाना, मामी आणि समोर बसलेली सगळी माय-बाप मंडळी, सर्वांना राम राम. मी नानांचा भाचेजावई, नाशिकला असतो.

आमचं लग्न ठरलं तेव्हा असाच मे महिना होता. मी पहिल्यांदाच एकटा इकडे निघालो. पारोळ्याला उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजलेला आणि गावाकडे यायला पुढची गाडी चारला. मी घरी फोन करून तसं सांगितलं आणि स्टँडवर सावलीला उभा राहिलो. अर्ध्या तासाने एक मोटारसायकल माझ्यासमोर येऊन थांबली. नानांना तोवर मी फोटोतच पाहिलं होतं. मी नमस्काराला वाकणार, तेवढ्यात त्यांनी हँडलच्या पिशवीतून ओला रुमाल काढला, पिळला आणि माझ्या डोक्याला बांधला. मी विचारलं, ‘आणि तुम्हाला?’ नाना म्हणाले, ‘हाई ऊन आम्हना ओयखनं शे, तुम्हना नही.’

घरापर्यंत चौदा किलोमीटर होते. तेवढ्यात रुमाल दोनदा वाळला. दोन्ही वेळा नानांनी गाडी थांबवली आणि बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावरच्या रुमालावर ओतलं. मी त्यांचा विद्यार्थी नाही. शाळेत ते कसे होते हे सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मला तो रस्ता आठवतो.

नाना, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आणि मामी नाशिकला या. स्टँडवर ओला रुमाल घेऊन मी उभा असेन.”

दीड मिनिटाच्या थोडंसं वर. अहिराणी वाक्याला मांडव हसला, आणि शेवटच्या वाक्याला मामींनी पदर डोळ्याला लावला.

यात काय काय आहे ते नीट पाहा. पहिल्या दोन वाक्यांत नातं सांगून झालं. त्यानंतर एकच प्रसंग, आणि त्यात दीड वाजता, चौदा किलोमीटर, दोनदा असे साधे आकडे. हे आकडे आठवून सांगायला कठीण नसतात, पण ते ऐकले की समोरच्याला खात्री पटते की माणूस पाहिलेलं सांगतो आहे. “प्रेमळ” हा शब्द कुठेच आला नाही. आणि रुमाल सुरुवातीला नानांच्या हातात होता, शेवटी जावयांच्या हातात आला. हे वळण त्यांना माईकपाशी पोहोचण्याआधी सुचलं होतं, म्हणून बाकीचं त्यांना सापडत गेलं.

काय नव्हतं तेही पाहा. स्वतःची नोकरी नव्हती, लग्नाची हकीकत नव्हती, “मला बोलायची सवय नाही” नव्हतं. सवय नसल्याचं हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. ते म्हणण्यात पंधरा सेकंद जातात, आणि बोलणारा स्वतःलाच आठवण करून देतो की आपण घाबरलो आहोत. तुम्ही अचानक उभे राहिला आहात हे सगळ्यांनी ऐकलेलंच असतं, वेगळं सांगायला नको.

नावं घेताना

गावातल्या कार्यक्रमात खरी चूक इथे होते, आणि तिची आठवण बोलण्यापेक्षा जास्त दिवस टिकते. व्यासपीठावर सरपंच, चेअरमन, केंद्रप्रमुख, गावातले आबा, तात्या, जिभाऊ असे आठ-दहा जण बसलेले असतात. त्यातली पाच नावं घेतली की सहाव्याचं राहिलं हे सगळ्यांना दिसतं. चुकून गाळलेलं नावही मुद्दाम गाळल्यासारखं वाटतं, विशेषतः गावात निवडणूक नुकतीच झालेली असेल तर.

नवख्याने दोनच माणसांचा उल्लेख करावा, अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती. सत्कारमूर्तींच्या पत्नी शेजारी बसल्या असतील तर त्यांचाही करावा. तो बरेच जण विसरतात, आणि इतकी वर्षं सकाळचा डबा त्यांनी दिलेला असतो. बाकी सगळ्यांसाठी “व्यासपीठावरील सर्व मान्यवर” पुरेसं आहे. एक तर दोनच, नाहीतर सगळी. मधलं काही नको.

सत्कारमूर्तींना तुम्ही घरी जे म्हणता तेच माईकवर म्हणा. घरी नाना म्हणणारा माणूस माईकवर “आदरणीय सर” म्हणू लागला की पुढचं सगळं बोलणं परक्यासारखं होतं. विद्यार्थी असाल तर सर किंवा गुरुजीच.

अहिराणी बोलावी का?

त्या माणसाशी तुम्ही एरवी ज्या बोलीत बोलता, तीत बोला. धुळे-अमळनेरकडे ती अहिराणी असेल, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, कुणाच्या घरात साधी मराठी. अहिराणी घरची असेल तर “सम्दासले राम राम” म्हणून सुरुवात केली की मांडव जवळ येतो, आणि पुढे मराठीत वळलात तरी चालतं. घरची नसेल तर तिची नक्कल करू नका. आपल्या बोलीची हौसेने केलेली नक्कल लोक हसून ऐकतात, पण ती पाहुण्याने चेष्टा केल्यासारखी लागू शकते. भाचेजावयांनी केलं ते बरोबर होतं: स्वतः मराठीत बोलले, आणि नानांचं वाक्य मात्र नानांच्या बोलीत, जसं ऐकलं तसं सांगितलं.

माईक हातात आल्यावर

माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली धरा. वरची जाळी मुठीत पकडू नका आणि स्पीकरच्या पुढ्यात उभे राहू नका. दोन्हीने शिट्टी वाजते. वाजलीच तर स्पीकरपासून दोन पावलं बाजूला सरका, थांबा, मग बोला. टिचकी मारून “हॅलो हॅलो” करण्याची गरज नसते, तुमचं नाव आत्ताच त्याच माईकवरून पुकारलं गेलं आहे.

बोलण्याआधी एक श्वास पूर्ण सोडा. घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं, कारण घाबरलेला माणूस श्वास छातीत धरून ठेवतो आणि मग वाक्य अर्ध्यात तुटतं. छातीची धडधड पहिल्या मिनिटात बहुधा उतरते. तोवर गर्दीकडे पाहू नका, सत्कारमूर्तींकडे पाहा. एका ओळखीच्या माणसाशी बोलतो आहोत असं झालं की आवाज जागेवर येतो. मग हळूहळू समोर बघा.

वीज गेली तर? मेमध्ये हे घडतंच. माईक बंद पडला की लोक बोलू लागतात, आणि बोलणारा जनरेटर सुरू होण्याची वाट पाहत उभा राहतो. त्यापेक्षा माईक टेबलावर ठेवा, चार पावलं पुढे लोकांत जा, आवाज थोडा उंचावून प्रसंगाचा शेवट सांगा आणि शेवटच्या वाक्यावर या. मागच्या रांगांना ऐकू आलं नाही तरी सत्कारमूर्तींना आलं पाहिजे.

तुमचा प्रसंग आधीच कुणी सांगितला तर

हे बऱ्याचदा होतं, कारण गावात गाजलेले प्रसंग दोन-तीनच असतात. नानांनी पुराच्या वेळी मुलांना शाळेत ठेवून घेतलं, हे चार वक्त्यांनी सांगितलेलं असतं. पाचव्याने तेच सांगू नये. पण त्या रात्री तुम्ही तिथे असाल तर तुमच्या जागेवरून काय दिसलं ते सांगता येतं: कंदील कुणी धरला होता, खिचडीला मीठ कमी पडलं होतं, तुमची आई दारात उभी होती. “आत्ता तात्यांनी सांगितलं त्या रात्री मी त्या वर्गातच होतो,” एवढं म्हटलं की जोडणी झाली. तिथे नव्हतात तर तो प्रसंग सोडा आणि लहानसा दुसरा घ्या. लहान प्रसंग कमी प्रतीचा नसतो. रुमाल बांधणं हा काय मोठा प्रसंग होता?

सांगण्यासारखं काहीच नसेल तर

कधी तुम्ही कुणाच्या तरी सोबत आलेले असता आणि सत्कारमूर्तींना आज पहिल्यांदाच पाहता. अशा वेळी खोटी जवळीक दाखवू नका. खुर्चीत बसून हाताने नको नको म्हणणंही बरं नाही. सूत्रसंचालक आग्रह करतो, लोक वळून पाहतात, आणि तीस सेकंदांची गोष्ट लांबते. उभे राहा, जागेवरूनच हात जोडा आणि खरं ते सांगा: “नानांची आणि माझी ओळख आजचीच. सकाळपासून त्यांना भेटायला येणाऱ्या माणसांची रांग मी पाहतो आहे, त्यावरून जे समजायचं ते समजलो. नाना, माझा नमस्कार.” आजच्या दिवसात डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट कुणालाही सापडते.

इतर प्रसंगी काय बदलतं

शेतावरच्या भरीत पार्टीत माईक नसतो आणि लोक ताटं घेऊन बसलेले असतात. तिथे अर्धा मिनिट पुरे. कपाशीच्या काड्यांवर वांगी कुणी भाजली, पुऱ्या कुणी केल्या, ज्याचं शेत आहे त्याचा आणि तुमचा संबंध काय, एवढं बोलून बसावं. यजमानाच्या आधी त्या धुरात बसलेल्या माणसाचा उल्लेख करा.

साखरपुड्यात दोन्ही बाजूंना सारखं वजन द्यायचं. मुलीकडच्यांबद्दल दोन वाक्यं बोललात तर मुलाकडच्यांबद्दलही दोन. लहानपणीच्या खोड्यांचा प्रसंग इथे टाळलेला बरा, समोरच्या घराला तुमचा सूर अजून माहीत नसतो.

गंधमुक्तीच्या दिवशी बोलायला सांगितलं तर मात्र पद्धत बदलते. प्रसंग एकच, तोही दोन-तीन वाक्यांत. पुढच्या दिवसांबद्दल काही नको, घरच्यांनी आता कसं राहावं याचा उपदेश तर मुळीच नको. गेलेल्या माणसाने तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट सांगा, घरातल्या थोरल्याकडे पाहून हात जोडा आणि शांतपणे मागे व्हा. इथे आवाज भरून आला तर आवरण्याची धडपड करू नका. थांबा. सगळे थांबतात.

बसताना

शेवटचं वाक्य झालं की माईक सूत्रसंचालकाच्या हातात द्या. टेबलावर ठेवलात तर तो घरंगळतो आणि मांडवभर खडखड होते. सत्कारमूर्तींना वाकून नमस्कार करा, ते तुमच्याहून लहान असतील तर हात मिळवा, आणि जागेवर या. बसल्या बसल्या राहिलेली गोष्ट हमखास आठवते. तिच्यासाठी परत उठू नका. पंगतीत नानांच्या शेजारी जागा मिळाली तर ती तिथे सांगा, वरणात बट्टी कुस्करता कुस्करता.